पाच मिलीमीटरची पायरी

ऑफिसात तिला सगळे मिलीमीटरबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले आणि शेवटी तिनेच फोनवर एकदा "हॅलो, मिलीमीटरबाई बोलतेय" असं म्हणून त्या चेष्टेतली हवा काढून टाकली. पायांच्या चाचण्यांचे रिपोर्ट तपासायचं तिचं काम. माणसांच्या नव्हे, इमारतींच्या पायांच्या. जमिनीत ठोकलेल्या काँक्रीटच्या खांबावर, म्हणजे पाइलवर, जॅकने वजन चढवायचं, पाइल किती खाली बसतो ते मोजायचं आणि पाइल पास की नापास ते लिहायचं. माणसं आकडे बघतात, ती आकड्यांमधली अंतरं बघायची. एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी तिच्या टेबलावर एक रिपोर्ट आणून ठेवला.

"लहान मुलांच्या हॉस्पिटलचा आहे. पास आहे. नजर फिरव आणि सही करून दे. सोमवारी पाइलवरच्या टोप्यांचं काँक्रीट आहे त्यांचं."

तिने वरचं पान पाहिलं आणि हात मागे घेतला. "साहेब, ही माझ्या दिराची साइट आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसरं आहे कोण? एक बाळंतपणाच्या रजेवर, एक परगावी. आणि तपासण्यासारखं आहे काय त्यात? घरचं कार्य समजून सही कर."

साहेब हसत निघून गेले. तिलाही मनातून बरंच वाटलं होतं. धाकट्या दिराची ही पहिलीच मोठी साइट. गेले वर्षभर घरी दुसरा विषय नव्हता. हॉस्पिटल, हॉस्पिटल आणि हॉस्पिटल. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात सासूबाई, हा धाकटा आणि ती. सासूबाई तर भाजीवाल्यालाही सांगत, "आमचा धाकटा पोरांचा दवाखाना बांधतोय." जणू विटा तोच डोक्यावरून वाहतोय.

तिने रिपोर्ट उघडला.

रिपोर्ट नीटनेटका होता. पाइल साडेतीनशे मिलीमीटर चौरस, चौदा मीटर लांब, कारखान्यात ओतून आणलेला अखंड, घणाने मऊ चिखलमातीतून खाली खडकापर्यंत ठोकलेला. त्यावर कायमचा भार यायचा साठ टन, म्हणून चाचणी त्याच्या दीडपट, नव्वद टनांपर्यंत. वर काँक्रीटच्या ठोकळ्यांची चळत, तिच्याखाली जॅक, पाइलच्या चारी बाजूंना, तो किती खचला ते काट्याने दाखवणारे चार डायल गेज. करारातल्या अटी दोन. नव्वद टनांना खचण बारा मिलीमीटरपेक्षा जास्त नको. आणि भार उतरवल्यावर पाइल परत वर येऊन उरलेली खचण आठ मिलीमीटरपेक्षा जास्त नको.

निकाल: नव्वद टनांना ८.३. भार उतरवल्यावर उरली ६.२. दोन्ही अटी पूर्ण. खाली ठळक अक्षरात 'पाइल स्वीकारार्ह'.

तिने पेनाचं टोपण काढलं. सवयीने, निव्वळ सवयीने, शेवटच्या पानावरचा आलेख एकदा बघून घ्यावा म्हणून पान उलटलं. आणि पेन तसंच हातात राहिलं.

पंधरा टनांना ०.३. तीसला ०.८. पंचेचाळीसला १.७. इथपर्यंत रेघ शहाण्या मुलीसारखी उतरत होती. मग साठ टनांना एकदम ६.९. एकाच टप्प्यात पाच मिलीमीटरांहून जास्त. बरं, घसरला तर पुढे घसरतच जायला हवा होता. पण नाही! पंच्याहत्तरला ७.६, नव्वदला ८.३. पुन्हा शहाणी मुलगी. रेघेच्या मधोमध एक पायरी होती, कुणीतरी चाकूने कापून काढावी तशी.

जमिनीत कमी पडणारा पाइल असा वागत नाही. त्याची रेघ आधी सपाट असते, मग वाकत वाकत तीव्र होत जाते आणि शेवटी तोंडावर पडते. थकलेला माणूस जसा हळूहळू बसतो आणि मग आडवाच होतो. इथे उलटं होतं. पाइल आधी धरून होता, मग सुटला आणि मग पुन्हा कशावर तरी टेकला.

कशावर टेकला? खडकावर. म्हणजे त्याआधी तो खडकावर नव्हता.

घणाने ठोकताना तर तो खडकापर्यंत गेला होता, शेवटच्या घावांना हलतही नव्हता, ते रिपोर्टातच लिहिलेलं होतं. खडकावर उभा असलेला पाइल खडकापासून पाच मिलीमीटर वर आला कसा?

उत्तर तिला ठाऊक होतं. मऊ चिखलमातीत पाइल ठोकला की तेवढी माती बाजूला सरते. तिला जायला जागा नसते, मग ती वर येते. वर येताना शेजारचे आधी ठोकलेले पाइल स्वतःबरोबर उचलते. भरलेल्या पिंपात एकेक काठी खुपसत जावं आणि आधीच्या काठ्या बुडापासून सुटून वर याव्यात, तसं. हे धंद्यातलं जुनं दुखणं. त्यावर उपायही जुनाच: शेजारचे पाइल ठोकून झाले की आधीच्या प्रत्येकाच्या डोक्याची पातळी पुन्हा मोजायची आणि उचलला गेला असेल तर परत ठोकायचा.

तिने चाचणी घेणाऱ्याला, जॅकवाल्याला, फोन लावला.

"साठ टनांना काय झालं होतं हो?"

"हां, तिथे जरा नखरे केले त्याने," तो म्हणाला. "दाब लावला की उतरायचा. लावला की उतरायचा. पाच-सहा वेळा पंप मारला. तास-दीड तास चाललं होतं. मग एकदम घट्ट झाला, जागचा हलेना."

"गेज लावलेल्या दांड्याला कुणाचा धक्का वगैरे?"

"बाई, धक्का लागला तर काटा एका झटक्यात उडतो. हा गोगलगायीसारखा चालत होता. आणि चारही गेज बरोबरीने. लिहिलंय मी सगळं."

लिहिलं होतं खरंच. चारही गेजचे आकडे: ६.८, ६.९, ७.०, ६.९. तिने पळवाट शोधायची म्हणून शोधली, आणि ती बंद झाली.

ती रिपोर्ट घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख पाहिला.

"अगं, पण बाराच्या आत आहे ना? पायरी असो नाहीतर जिना असो. अट काय म्हणते? बारा. आला किती? आठ. आपण अटींचे नोकर."

"साहेब, पाइल पास आहे, त्याबद्दल माझं म्हणणंच नाही."

"मग?"

"तो पास झाला कारण आपण त्याला नव्वद टनांनी दाबून खडकावर बसवला. चाचणीनेच त्याची दुरुस्ती झाली. आता त्या अख्ख्या साइटवर खडकाला टेकलेला म्हणून खात्रीने सांगता येईल असा तो एकच पाइल आहे."

साहेबांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. मग त्यांनी नकाशा ओढून घेतला. चाचणीचा पाइल कुठला? अगदी कडेचा, फाटकाजवळचा. ठोकळ्यांचे ट्रक आत न्यायला नकोत म्हणून निवडलेला.

"कडेला माती बाहेर सरकू शकते," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कडेला पाच आहे. मग मध्यावर..."

त्यांचं बोट नकाशावर मधल्या ओळींपाशी थांबलं.

"दिराला विचार," शेवटी ते म्हणाले. "पातळ्या पुन्हा घेतल्या असतील त्याने. घेतल्या असतील तर प्रश्नच मिटला."

फोन तिने जिन्यात उभं राहून केला.

"भाऊजी, पाइल ठोकून झाल्यावर डोक्यांच्या पातळ्या परत घेतल्या होत्या का?"

"घेतल्या ना वहिनी. काही बदल नाही. का?"

"सगळ्यांच्या?"

मागे कुठेतरी काँक्रीट फोडण्याचा आवाज येत होता.

"पहिल्या दोन ओळींच्या घेतल्या. एक मिलीमीटर, दोन मिलीमीटर, तेवढं तर यंत्रातही चुकतं. मग बाकीच्या काय घ्यायच्या? घणाचं मशीन दुसरीकडे जायचं होतं. रिपोर्ट पास आहे ना?"

"त्या दोन ओळींच्या कधी घेतल्या? मधले सगळे ठोकून झाल्यावर की आधी?"

फोडण्याचा आवाज जरा लांब गेला; तो बाजूला सरकला असावा.

"आधी," तो म्हणाला.

"आता काय चाललंय तिथे?"

"डोकी तोडतोय. ठरलेल्या पातळीला. मधल्या ओळीतले चार-पाच राहिलेत."

"ते तोडू नका," ती म्हणाली. "भाऊजी, माझी शपथ आहे, हात लावू देऊ नका. मी येतेय."

डोकं तोडलं की पुरावाच जातो. सगळी डोकी एका पातळीत, छान, देखणी. कोण किती उचलला गेला होता ते कळायला मार्ग उरत नाही.

ती आणि साहेब साइटवर पोचले तेव्हा धाकटा फाटकाशीच उभा होता, हेल्मेट हातात. चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण उसनं आणल्यासारखं. "वहिनी, घरी सांगायचं ना, एवढं काय..." असं काहीतरी तो म्हणाला. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

पातळी घ्यायचं यंत्र त्याने स्वतः लावलं. साहेबांनी साइटवरची पातळीची खूण वापरू दिली नाही. साइटची जमीनच उचलली गेली असेल तर खूणही उचलली गेली असणार. म्हणून रस्त्यापलीकडच्या जुन्या दगडी पुलाच्या कठड्यावरून पातळी आणली. धाकटा यंत्राच्या डोळ्याला डोळा लावून उभा होता, ती शेजारी ठोकतानाचे जुने आकडे घेऊन. मधल्या ओळीतल्या पहिल्या न तोडलेल्या पाइलवर पट्टी धरली गेली.

त्याने आकडा वाचला. तिने वजाबाकी केली आणि परत केली.

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचला. तोच आकडा.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"एक्केचाळीस काय?"

"मिलीमीटर. वर."

पट्टी पुढच्या पाइलवर गेली. चव्वेचाळीस. त्याच्या पुढे सत्तेचाळीस. धाकट्याने डोळा यंत्रापासून काढला आणि तो यंत्राकडेच बघत राहिला, जणू ते खोटं बोलतंय. कडेला पाच होते तिथे मध्यावर सत्तेचाळीस. बोटभर नव्हे, चांगली तीन बोटं पोकळी. आणि वर पाच मजले, खाटा, यंत्रं, पाण्याच्या टाक्या आणि लेकरं येणार होती.

"यंत्र बिघडलं असेल," धाकटा म्हणाला. त्याचा त्यालाच विश्वास वाटत नव्हता.

"घण आहे अजून साइटवर?" साहेबांनी विचारलं.

"आहे. ट्रेलर मिळाला नाही म्हणून अडकला. उद्या जाणार होता."

"आण."

घणाचं मशीन हळूहळू, चिखलात पट्टे घासत, सत्तेचाळीसवाल्या पाइलपाशी आलं. डोक्यावर लाकडी गादी आणि लोखंडी टोपी बसली. तिने पाइलच्या अंगावर खडूने रेघ मारली आणि शेजारी पट्टी उभी केली. काम थांबवून माणसं भोवती गोळा झाली होती, हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गर्दी बघून माणसाला कळतंच.

पहिला घाव. 'धप्प.' मऊ, पोकळ आवाज, गादीवर काठी मारल्यासारखा. खडूची रेघ जवळजवळ दोन बोटं खाली गेली होती.

खडकावर उभा असलेला पाइल घणाखाली केसभरही हलत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच की काय, घण चालवणाऱ्याने मशीन थांबवून खाली वाकून पाहिलं आणि "हे काय?" असं म्हणाला.

दुसरा घाव. पुन्हा 'धप्प.' रेघ आणखी उतरली.

तिसऱ्या घावाला आवाज बदलला. 'ठण्ण!' असा कडक की छातीत बसला. रेघ जागची हलली नाही. चौथ्यालाही नाही. पाचव्यालाही नाही.

तिने पट्टी वाचली. सेहेचाळीस.

"टेकला," साहेब म्हणाले. त्यांनी रुमाल काढून मान पुसली. "अरे देवा. टेकला."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "मला कुणी साध्या भाषेत सांगेल का? तुमच्या रिपोर्टात तर पास लिहिलंय असं काल मला फोनवर कळलं."

तिने सांगितलं. रिपोर्ट खोटा नाही, आकडे खरे आहेत, अटीही पुऱ्या झाल्यात. पण आलेखाच्या रेघेत मधेच एक पायरी आहे, आणि तो रिपोर्ट फक्त एका पाइलबद्दल आहे, तोही कडेचा. बाकीचे पाइल खडकावर उभे नाहीत, चिखलाला धरून लोंबकळताहेत. कुणी थोडे, कुणी जास्त.

"म्हणजे बांधकाम कोसळलं असतं?"

"एकदम नाही. कडेचं कमी बसलं असतं आणि मधलं जास्त. भिंती तडकल्या असत्या, दारं अडकली असती. भार वाढत गेला असता तसतसं. बहुतेक तुम्ही राहायला आल्यावर."

डॉक्टरीणबाईंनी हात तोंडावर नेला. मग त्यांनी विचारलं, "आणि हे एका रेघेवरून कळलं?"

"रेघेवरून शंका आली," ती म्हणाली. "कळलं ते आत्ता. तुमच्यासमोर."

धाकटा एका ठोकळ्यावर बसला होता. हेल्मेट पायाशी चिखलात पडलं होतं. ती जवळ गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"वहिनी, मी कुणाचं वाईट करायला नव्हतो निघालो हो."

"माहीत आहे मला."

"मला वाटलं, शेवटी चाचणी आहेच की. काही चुकलं असेल तर चाचणीत कळेल." तो थांबला. "आणि चाचणीत पास झालं."

तेच तर भयंकर होतं. ती शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी आजच्या आज लिहून देणार आहे, भाऊजी. सगळं. पातळ्या परत घेतल्या नाहीत, तेसुद्धा."

"लिहा," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "नाही. तेवढं मी लिहितो. माझ्या सहीने."

आणि त्याने लिहिलं. तिने आपल्या रिपोर्टात निकालाची पानं होती तशीच ठेवली, एक आकडाही बदलला नाही. अटींखाली लिहिलं: 'दोन्ही अटी पूर्ण.' त्याखाली निरीक्षण: 'पंचेचाळीस ते साठ टनांमधली ५.२ मिलीमीटरची पायरी ही पाइलचं टोक खडकापासून सुटलेलं असल्याची खूण आहे. हा निकाल इतर पाइलना लागू करता येणार नाही. सर्व पाइल पुन्हा ठोकावेत. तोवर वरचं बांधकाम करू नये. पुन्हा ठोकल्यावर मधल्या ओळीत नवी चाचणी घ्यावी.' साहेबांनी ते वाचलं, 'करू नये' खाली स्वतःच्या हाताने रेघ मारली आणि तिच्या आधी सही केली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. तोडलेल्या डोक्यांना पुन्हा काँक्रीटचे तुकडे जोडून सगळे पाइल परत ठोकले गेले. बहुतेक सगळे खाली गेले, मधले तर हाताने ढकलल्यासारखे. नव्या चाचणीची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ उतरली, कुठेही पायरी नाही. हॉस्पिटल लांबलं. धाकट्याला कंपनीने काढून टाकलं. त्याने तक्रार केली नाही, पण परत ठोकायचं काम संपेपर्यंत बिनपगारी राहू द्या अशी विनंती केली. कंपनीने नाही म्हटलं. मग तो दुसऱ्या गावी लहानशा कामावर गेला. जाताना वहिनीच्या पाया पडला आणि रिक्षात बसला.

घरात आता दोघीच. आणि सासूबाई तिच्याशी बोलेनात. एका छपराखाली राहायचं, एका टेबलावर जेवायचं, आणि मीठ हवं असलं तरी सासूबाई भिंतीला सांगणार, "मीठ जरा इकडे येईल का." ती मीठ पुढे करायची. समजावायचा प्रयत्न तिने एकदाच केला. सासूबाईंनी रेडिओ मोठा केला.

खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच झोप लागत नव्हती. डोळे मिटले की तो पहिला 'धप्प' ऐकू यायचा. आणि पेनाचं टोपण काढलेला आपला हात दिसायचा. पान उलटलं नसतं तर? साहेबांनी अर्धा तास उशिरा रिपोर्ट दिला असता आणि भूक लागली असती तर?

असेच बरेच दिवस गेले. एका रविवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भिंतीशी नाही, तिच्याशीच बोलल्या.

"खरंच बसलं असतं ते?"

तिने हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "हो, आई."

"लगेच?"

"नाही. हळूहळू. पोरं राहायला आल्यावर."

सासूबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. इतके दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःचं पोर होतं, रिक्षात बसून गेलेलं. आज पहिल्यांदा दुसऱ्यांची पोरं आली असावीत, खाटांवर निजलेली, वरून भिंत तडकतेय आणि कुणाला कळत नाहीये.

"त्याने फोनवर सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, वहिनीने मला वाचवलं. मला वाटलं, वहिनीला पाठीशी घालतोय."

सासूबाईंनी एक खोळ ओढून घेतली आणि घडी घालायला लागल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवत, खूप वेळ लावून.

"बरं केलंस," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मला अजून थोडे दिवस रागावू दे. आई आहे मी त्याची."

"रागवा," ती म्हणाली, आणि पुढची खोळ त्यांच्याकडे सरकवली.